हापशीची बिअर

आमच्या वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून दारूबंदी आहे. गांधीजींच्या सेवाग्रामचा जिल्हा, त्यामुळे परमिट रूम नाही, वाइन शॉप नाही, बिअर बार तर नाहीच. (चोरून काय काय मिळतं हा वेगळ्या कॉलमचा विषय.) पण वर्धा नदी ओलांडून अमरावती किंवा यवतमाळ जिल्ह्यात शिरलं की सगळं कायदेशीर. नदीपलीकडच्या काउंटरवर आमच्याकडची पोरं ब्रँड नंतर सांगतात, आधी एकच शब्द उच्चारतात, ‘चिल्ड’! मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेलेला असताना बिअरकडून माणसाची दुसरी अपेक्षा तरी काय असणार? बाटलीला हात चिकटला पाहिजे, पहिल्या घोटाला नाकातून झिणझिण्या आल्या पाहिजेत. बस्स.

अशा जिल्ह्यातून पुण्याच्या आयटी कंपनीत आणि तिथून ऑनसाइटला इंग्लंडला गेलेल्या माझ्या मावसभावाचा पहिल्या वीकेंडचा फोन अजून आठवतो. ‘अवं, हे लोक बिअर कोमट देऊन रायले! अन् त्यात गॅसच नाही. फ्रीज बंद पडला का काय यांचा?’ तुमच्याही ऑफिसात असा एक ऑनसाइट रिटर्न नग असेल. इंग्रजांची बिअर कोमट आणि फुसकी, हे तो ठामपणे सांगत असतो.

फ्रीज बंद पडलेला नसतो. ती बिअर तशीच असावी म्हणून तळघरात एक माणूस दोन दिवस राबलेला असतो. पुढे दादाकडे लीड्सला गेले तेव्हा त्याच्या नेहमीच्या पबमधल्या बाईंनी मला त्यांचं तळघर दाखवलं. दादा वरच बसला, त्याच्या मते तळघरात बघण्यासारखं काही नसतं. मी मात्र तासभर खाली होते.

आधी वरच्या काउंटरचं. इंग्लिश पबच्या काउंटरवर दोन तऱ्हेची यंत्रं दिसतात. एक छोटा नळ, चकचकीत, कधीकधी वर बर्फ साचलेला. ही केग बिअर. शेजारी उभी लांब लाकडी किंवा चिनी मातीची मूठ, हातभर उंचीची, बिअरचं नाव लिहिलेली पाटी तिच्यावर अडकवलेली. हा हँडपंप. आपल्या गावातला हापसा आठवा, तोच फंडा. काउंटरखाली एक छोटा सिलिंडर, त्यात दट्ट्या. मूठ स्वतःकडे ओढली की दट्ट्या वर जातो आणि तळघरातल्या पिंपातून बिअर नळीने वर खेचली जाते. साधारण एका ओढीत अर्धा पाइंट. म्हणजे ५६८ मिलीचा पूर्ण पाइंट भरायला दोन ओढी, वर थोडीशी तिसरी. आपल्या हापशीचा सिलिंडर खोल बोअरमध्ये सोडावा लागतो, कारण नुसतं खेचून पाणी सात-आठ मीटरच्या वर चढत नाही. इथे तळघर एकच मजला खाली, म्हणून सिलिंडर वर काउंटरपाशीच ठेवून भागतं. हा पंप सुधारून त्याचं पेटंट घेणारा जोसेफ ब्रामा, साल १७९७. हायड्रॉलिक प्रेसवालाही तोच.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. हँडपंप बिअर फक्त खेचतो. केगच्या नळाला बिअर ढकलावी लागते आणि ढकलायला बाहेरचा गॅस लागतो, कार्बन डायऑक्साइड किंवा त्यात नायट्रोजन मिसळलेला. चवीतला फरक या खेचण्या-ढकलण्यातून सुरू होतो, पण त्याचं मूळ पिंपात आहे.

तळघरातली पिंपं बघून माझा थोडा विरस झाला. कास्क म्हटल्यावर मला सिनेमातली लाकडी पिंपं हवी होती. इथे सगळा स्टीलचा कारभार, काही तर चक्क प्लॅस्टिकची. लाकडाशी काही संबंध नाही म्हणाल्या बाई, संबंध आहे तो आत काय भरलंय याच्याशी. केगमधली बिअर ब्रुअरीतून तयार होऊन येते. बहुतेक वेळा गाळलेली, अनेकदा पाश्चराइझ केलेली, म्हणजे तिच्यातलं यीस्ट काढून टाकलेलं किंवा मेलेलं. गॅसही तिथेच भरलेला. पबवाल्याने फक्त नळी जोडायची. कास्कमधली बिअर येते ती जिवंत. न गाळलेली, तळाला यीस्ट असलेली, थोडी साखर शिल्लक असलेली. ते यीस्ट पिंपात बसून उरलेली साखर खात राहतं आणि त्यातून गॅस तयार होतो. आंबवण्याचा हा दुसरा फेरा पिंपातच होतो, म्हणून तिला कास्क-कंडिशन्ड म्हणतात. इडलीचं पीठ रात्रभर फुगतं तसंच, फक्त झाकण घट्ट लावलेलं.

आता जोडणीचा कार्यक्रम. बाईंकडे सोमवारी एक फर्किन आलं होतं. फर्किन म्हणजे नऊ गॅलनचं पिंप, सुमारे ४१ लिटर, ७२ पाइंट. ते आडवं, पोटावर निजवून ठेवतात आणि दोन्ही बाजूंना पाचर मारतात, म्हणजे हलायला नको. यीस्टचा गाळ पोटाच्या खोलगट भागात बसतो आणि एकदा बसला की पिंपाला धक्का लावायचा नाही. कास्कला दोन भोकं असतात, एक वर आलेल्या पोटावर आणि दुसरं पुढच्या तबकडीवर, खालच्या काठाशी. वरच्या भोकाच्या बुचात बाईंनी एक बारीक खुंटी ठोकली. आतून जोरात ‘फुस्स’ आणि पांढरा फेस खुंटीभोवती उकळून वर! ही मऊ खुंटी असते, बांबूची किंवा हलक्या लाकडाची, तिच्या रेषांमधून गॅस झिरपून जातो. फेस पुसत राहायचा, बघत राहायचं. काही पिंपं चार-सहा तासांत शांत होतात, काही दुसऱ्या दिवसापर्यंत धुमसतात. बुडबुडे मंदावले की मऊ खुंटी काढून टणक लाकडाची ठोकतात, म्हणजे उरलेला गॅस आतच राहील. त्यानंतर पुढच्या भोकात लाकडी हातोड्याच्या एका दणक्यात तोटी बसवायची. एका, असं बाई दोनदा म्हणाल्या. दणका चुकला की बिअर छतापर्यंत.

या सगळ्यात बाई नेमकं काय करत होत्या? गॅस घालवत होत्या! जास्तीचा गॅस निघून जाऊ द्यायचा आणि योग्य तेवढा उरला की दार बंद. हा ‘योग्य तेवढा’ कोण ठरवतं? तळघराचं तापमान. भिंतीवर थर्मामीटर होता, १२ अंश. द्रवात गॅस किती विरघळून राहणार हे थंडाव्यावर आणि दाबावर अवलंबून असतं. उघड्या हवेच्या दाबाला, १२ अंशांवर, एक लिटर बिअरमध्ये साधारण एक लिटरहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड मावतो. कास्क बिअरमध्ये तेवढाच असतो. केगमध्ये बाहेरून दाब देऊन त्याच्या दुपटीहून जास्त कोंबलेला असतो, आणि आपल्या कोलाच्या बाटलीत तिप्पट-चौपट.

म्हणजे दादाची तक्रार खरी होती, गॅस खरोखरच निम्मा असतो. पण त्याने जिभेवर काय होतं ते बघा. सोड्याच्या झिणझिण्या नुसत्या बुडबुडे फुटल्याने होत नाहीत. जिभेवरच्या आंबट ओळखणाऱ्या पेशींवर एक एन्झाइम असतं, ते विरघळलेल्या गॅसचं आम्ल करतं आणि तेच आपल्याला जाणवतं. २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिलं. म्हणजे भरपूर गॅस हा चवीच्या दृष्टीने थोडासा आंबटपणा आणि थोडासा चटका आहे. तो निम्म्यावर आला की माल्टचा गोडवा, बिस्किटासारखा भाजका वास, हॉप्सचा कडवटपणा यांना जागा मिळते. घोट जिभेवर पसरतो, टोचत नाही. ‘सॉफ्ट’ म्हणतात ते हेच.

आणि कोमटपणाचं म्हणाल तर १२ अंश काही कोमट नाही. आपल्या माठातल्या पाण्याहून हे चांगलंच गार. फक्त तीन-चार अंशांच्या लागरच्या शेजारी ठेवलं की कोमट वाटतं. थंडीने जीभ बधिर होते हे तुम्हाला ठाऊक आहेच. आइस्क्रीम वितळलं की अचानक जास्तच गोड लागतं ना? साखर तीच, जीभ जागी झालेली. चिल्ड लागरमध्ये गोडवा-कडूपणाची फार बारीक नक्षी नसते, त्यामुळे जीभ झोपली तरी काही बिघडत नाही. उलट बरंच. पण चार टक्क्यांच्या आसपासच्या इंग्लिश बिटरची सगळी मजा त्या नक्षीतच असते. ती चार अंशांवर द्या, नुसतं कडसर पाणी लागेल.

काउंटरवर शेवटचा एक खेळ असतो. उत्तरेत, यॉर्कशरसारख्या भागात, पंपाच्या वाकड्या मानेच्या टोकाला बारीक भोकांची टोपी बसवतात, तिला स्पार्कलर म्हणतात. त्यातून बिअर जोराने फवारली जाते, रवीने ताक घुसळल्यासारखी. उरलेल्या गॅसमधलाही थोडा निघून जातो आणि वर सायीसारखा दाट फेस बसतो. घोट आणखी मऊ. दक्षिणेतले लोक म्हणतात की याने बिअरचा दम जातो, टोपी काढा. या विषयावर इंग्रज माणसं इतक्या गंभीरपणे भांडतात की मला आपलं तर्री वेगळी की रश्श्यातच, हे भांडण आठवलं. मला स्पार्कलरवाली आवडली. दादाला, अर्थात, कुठलीच नाही.

मग सगळेच पब कास्क का ठेवत नाहीत? इथे मामला पैशाचा आहे. पंप बिअर खेचतो तेव्हा पिंपात रिकामी जागा होते आणि ती भरायला खुंटीच्या भोकातून बाहेरची हवा आत येते. केगमध्ये त्या जागी गॅस जातो, म्हणून केग आठवडेच्या आठवडे टिकतं. कास्कमध्ये ऑक्सिजन शिरला की उलटमोजणी सुरू. पहिल्या दिवशी बिअर जराशी कच्ची, दुसऱ्या दिवशी झकास, तिसऱ्या दिवशी थोडी उतरलेली, आणि त्यापुढे व्हिनेगरकडे वाटचाल. हिशेब करा. ७२ पाइंटचं पिंप, तळाचा गाळाचा भाग सोडला तर विकण्याजोगे ७० च्या आसपास. तीन दिवसांत संपवायचे तर रोज २३-२४ जायला हवेत. पबमध्ये रोज दहाच जात असतील, तर तीन दिवसांनी चाळीस पाइंट शिल्लक. फेकले तर नफा गेला. नाही फेकले तर चौथ्या-पाचव्या दिवशी कोणीतरी पहिल्यांदाच कास्क मागणारा पोरगा ते आंबलेलं पितो, ‘असली रिअल एल तुम्हालाच लखलाभ’ म्हणतो आणि आयुष्यभर लागर पितो. मग रोज दहाचे आठ होतात. बाईंच्या मते कास्कला केगने मारलं नाही, या उरलेल्या चाळीस पाइंटांनी मारलं. त्यांनी सहा हँडपंपांचे तीन केले आणि विक्री वाढली, कारण प्रत्येक पिंप वेळेत संपायला लागलं. पबमालकांत असा हिशेब करण्याचं धाडस कमी जणांत असतं, भरपूर मुठी ओळीने उभ्या दिसल्या की दुकान श्रीमंत वाटतं. मार्च २०२० मध्ये तिथले पब एकाएकी बंद झाले तेव्हा तळघरातल्या कास्क अक्षरशः गटारात ओताव्या लागल्या होत्या. जिवंत मालाला लॉकडाऊन समजत नाही.

केगचा उदयही या टिकाऊपणातूनच झाला. लंडनच्या वॉटनी कंपनीने १९३० च्या दशकात केग बिअर आणली आणि साठच्या दशकात तिची ‘रेड बॅरल’ घरोघरी माहीत झाली. सगळीकडे एकच चव, कधी बिघडत नाही, कौशल्य लागत नाही. चव फारशी नव्हतीच म्हणा, पण जी होती ती एकसारखी होती. याला वैतागून १९७१ मध्ये चार इंग्रज तरुणांनी आयर्लंडमधल्या सुट्टीत एक मोहीम काढली. तीच आजची कॅमरा, म्हणजे कॅम्पेन फॉर रिअल एल. ‘रिअल एल’ हा शब्द रुळवला तो यांनी. एका गोष्टीत मात्र मी त्यांच्या कट्टर मंडळींच्या बाजूने नाही. आज चांगल्या छोट्या ब्रुअरीज न गाळलेली, पाश्चराइझ न केलेली बिअर केगमध्ये भरतात आणि काही हॉपभरल्या स्ट्राँग बिअरला तो चटका आणि थंडावा शोभतोही. केग म्हणजे पाप नव्हे. फक्त तिला कास्कसारखी चव मागू नका.

शाकाहारींसाठी एक सूचना. ढगाळ बिअर लवकर नितळावी म्हणून कास्कमध्ये पारंपरिक पद्धतीने आयझिंग्लास घालतात. हे माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून बनतं. पालघरच्या किनाऱ्यावर घोळ मासा लागला की त्याच्या ज्या पिशवीसाठी व्यापारी बोली लावतात, तसाच अवयव. ते यीस्टला धरून तळाशी बसतं, ग्लासात जवळपास येत नाही, पण ज्यांना चालत नाही त्यांना चालत नाही. हल्ली आयझिंग्लासशिवायच्या ढगाळ कास्कही मिळतात. आधी विचारा. ‘व्हीगन आहे का?’ हा प्रश्न तिथे कोणाला विचित्र वाटत नाही.

मग आपल्याकडे काय? पुण्यात २००९ मध्ये दुलाली नावाची मायक्रोब्रुअरी सुरू झाली (नाव आपल्या देवळालीवरून आलंय. तिथल्या लष्करी छावणीत जहाजाची वाट बघत कंटाळलेल्या गोऱ्या सोल्जरांनी ‘डोक्याने सरकलेला’ या अर्थी ‘दूलाली’ हा शब्द इंग्रजीला दिला). तेव्हापासून राज्यात ताजी बिअर मिळायला लागली. न गाळलेली, जागेवर बनवलेली. पण सहसा ती येते थंड टाकीतून किंवा केगमधून, गॅसच्या दाबाने. ताजी आहे म्हणून ती कास्क होत नाही. आणि कास्क करायची म्हटली तर पहिला अडसर उन्हाचा. तो आकडा पुन्हा आठवा, १२ अंशांवर लिटरभर. हेच ४० अंशांवर उघड्या पिंपात जेमतेम अर्धा लिटर गॅस राहतो. बिअर खरोखर फुसकी होणार, शिवाय यीस्ट उधळणार आणि हवेतले आंबवणारे जंतू मोजदादीबाहेर. इंग्लंडात जमिनीखालची दगडी खोली मुळातच गार असते, कूलरने तिला दोन-चार अंशांचा धक्का दिला की झालं. आपल्याकडे मेमध्ये अख्खी खोली दिवसरात्र १२ अंशांवर ठेवायची, तीन दिवसांत ७२ पाइंट विकायचे आणि गिऱ्हाईक ‘चिल्ड नाही का?’ विचारणार. कोण पैसे घालेल?

तेव्हा ऑनसाइटला निघालेल्या मंडळींनो, तिथेच प्या, पण बघून. गर्दी असलेला पब निवडा आणि ज्या मुठी सारख्या ओढल्या जात आहेत तिकडे बोट करा. चाखायला घोटभर मागा, बहुतेक ठिकाणी हसत देतात. ग्लास उजेडात धरा. ढगाळ असेल आणि ती मुळातच ढगाळ असल्याचं कोणी सांगितलं नसेल, तर पिंप संपत आलंय किंवा हललंय. नाकाला व्हिनेगर लागला तर पिंप जुनं. लोण्यासारखा तेलकट वास आला तर आंबण्यात घोळ. ग्लास हाताला खरंच कोमट लागला तर तळघर तापलंय किंवा नळीत बराच वेळ उभी राहिलेली बिअर तुमच्या वाट्याला आलीय. शांतपणे परत करा, बदलून देतात, इंग्रज याबाबतीत सज्जन. आणि पहिला अर्धा पाइंट संपेपर्यंत मत बनवू नका, कारण सवयीने जीभ तो चटकाच शोधत असते. दादाला तीन वर्षं लागली. आता तो लीड्समध्ये हँडपंपावरची बिटर पितो. वर्ध्याला सुट्टीवर आला की मात्र नदीपलीकडे जाऊन चिल्डच मागतो, आणि मेमध्ये तेच बरोबर आहे.